भिंतीवरच्या दोन ओळी : ग्रंथालय सप्ताहाच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर, सोमवार

मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावलं. १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह, त्यासाठी वाचनावर यमकातल्या ओळी हव्या आहेत. कार्यालयाबाहेरचा फलक रिकामा करून देतो म्हणाल्या. मी अर्धवेळ ग्रंथपाल, त्यामुळे हे काम दरवर्षी माझ्याकडेच येतं आणि दरवर्षी मी घोषवाक्यं लिहून मोकळा होतो.

या वेळी फलक नको म्हटलं. गेल्या वर्षी त्याच फलकावर आठ घोषवाक्यं होती, वर ‘वाचाल तर वाचाल’ आणि कोपऱ्यात चित्रकलेच्या सरांनी काढलेला मोर. सप्ताह संपल्यावर रोज तिथून जाणाऱ्या सातवीतल्या एका मुलाला विचारलं, “फलकावर काय होतं रे?” तो म्हणाला, “मोर, सर.”

बाईंना सांगितलं, ओळी कपाटांवरच लावू. प्रत्येक कपाटावर एकच जोडी, दोनच ओळी, आणि त्या ओळींनी त्याच कपाटातल्या गोष्टीबद्दल बोलायचं. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांचे १९३१ सालचे पाच नियम दर वर्षी आपण फळ्यावर लिहितो, त्यातला तिसरा ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’. फळ्यावर लिहून तो पाळला जात नाही. मुलगा कपाटासमोर उभा असताना हात कुठे घालावा हे त्याला कुणी सांगितलं, तर पाळला जातो. बाई म्हणाल्या, “करा, पण शुद्धलेखन तपासून घ्या.” हे वाक्य पुढे महागात पडणार, असं तेव्हाच वाटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडकलो. ‘पुस्तक’ शब्द ओळीच्या शेवटी आला की पुढची ओळ आपोआप ‘मस्तक’वर जाते. दुसरं यमकच नाही. ‘हस्तक’ आहे, पण तो गुंडाचा असतो. ‘वाचन’ला तर ‘पाचन’ मिळतं. ‘ज्ञान’ला ‘महान’, आणि वाचून महान व्हायचंय असं पाचवीतलं कुठलं पोर मधल्या सुट्टीत म्हणत असेल असं मला वाटत नाही. ‘गोष्ट’ हा इतका गोड शब्द, पण त्याला जोडीदारच सापडत नाही. ‘कष्ट’ आणि ‘दुष्ट’ यांचा स्वर वेगळा, म्हणून कानाला जुळत नाही.

मग उलटीकडून सुरुवात केली. ग्रंथालयातल्या वस्तूंची नावं वहीत लिहिली आणि प्रत्येकापुढे यमकं मांडून पाहिली. ‘पान’ श्रीमंत निघालं: कान, रान, मान, भान, लहान, तहान. ‘कपाट’ही वाईट नाही: वाट, लाट, पहाट, सपाट. ‘धूळ’ला मूळ, खूळ. म्हणून नियम ठरवला की पुस्तक, वाचन आणि गोष्ट हे तीन शब्द ओळीच्या मध्ये बसतील, टोकाला कधीच येणार नाहीत. टोकाला वस्तू.

मराठी यमकात शेवटचा स्वर जुळून भागत नाही, त्याच्या आधीचं व्यंजन आणि त्या आधीचा स्वरही जुळला तरच कान समाधान पावतो. ‘पान–कान’ जुळतं, ‘पान–काम’ नाही. ‘पाने–गाणे’ ही जोडी आमच्याकडच्या पोरांना चालेल, कारण निम्मी ण ला न च म्हणतात. पण भिंतीवर ती लावली तर मराठीच्या बाई मला सोडणार नाहीत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पहिला मसुदा अष्टाक्षरीत केला. ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, ह्रस्व-दीर्घाची भानगड नाही. बहिणाबाईंच्या ओव्या याच मापाच्या, मुलांच्या कानावरून गेलेल्या. तेव्हा सोपं जाईल असं वाटलं.

पुस्तकांच्या कपाटात
गोष्टी जमल्या खेळाला,
उघडून बघ कधी,
नेती दूरच्या गावाला.

बोटांवर मोजलं. चारही ओळी आठ-आठ. खूश होऊन वही मिटली. (चार ओळी झाल्या, दोन ठरल्या होत्या. असो.)

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज वाचन प्रेरणा दिन, डॉ. कलामांची जयंती. सहावीचा तास ग्रंथालयात होता, म्हणून मसुदा फळ्यावर लिहून एकेकाला मोठ्याने वाचायला लावला. मी स्वतः वाचून दाखवलं नाही. कवीने वाचून दाखवलं की मुलं त्याचीच चाल उचलतात आणि मग ओळ कुठे लंगडते ते कळत नाही.

सात जणांनी वाचलं. सातही जण तिसऱ्या ओळीत गडबडले. कुणी ‘उघडून बघ’ म्हणून थांबला, कुणी ‘कधी’ला ‘कधीतरी’ करून टाकलं. एकीने तर नकळत ‘उघडून तर बघ कधी’ असं दुरुस्तच करून वाचलं. चूक त्यांची नाही, हे ‘तर’ ऐकल्यावर लक्षात आलं. ओळ तिला आखूड वाटली, म्हणून तिने भर घातली.

कागदावर आठ अक्षरं आहेत, मग आखूड कशी? घरी येऊन उच्चाराप्रमाणे मोजलं. मराठी बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतो, मधलाही पुष्कळदा गिळतो. ‘बघ’ लिहिताना दोन अक्षरं, बोलताना एकच ठोका. ‘उघडून’ लिहिताना चार, बोलताना ‘उघ्-डून्’, दोनच. म्हणजे ‘उघडून बघ कधी’ या ओळीत जिभेवर पाचच ठोके पडतात, आणि ‘गोष्टी जमल्या खेळाला’मध्ये सात. ओवी जात्यावर गाताना प्रत्येक अक्षर लांबवून म्हटलं जातं, गिळलेला ‘अ’ परत येतो आणि आठाचं माप भरतं. भिंतीवरची ओळ कुणी गात नाही. दप्तर खांद्यावर टाकून, चालता चालता, मनातल्या मनात वाचतात.

अष्टाक्षरीत दोष नाही. माझी जागा चुकली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार (सुट्टी, घरी)

दिवाळी आटोपली. फराळाचे डबे बाजूला सारून मात्रा मोजायला घेतल्या. ह्रस्व स्वराचं अक्षर एक मात्रा, दीर्घाचं दोन. अनुस्वार असेल किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असेल, तर ह्रस्वही दोन. आधी जुना मसुदा मोजला, तर चार ओळींच्या मात्रा निघाल्या तेरा, चौदा, दहा, पंधरा. त्या ‘दहा’वर सहावीचा अख्खा वर्ग अडखळला होता. अक्षरं मोजून जे दिसत नव्हतं, ते मात्रांनी लगेच दाखवलं.

आता पादाकुलकाचं माप घेतलं आहे. ओळीत सोळा मात्रा, आठ-आठचे दोन भाग. मुलांची बडबडगीतं याच ठेक्यावर चालतात, त्यामुळे चाल शिकवावी लागत नाही. तपासायची सोपी रीत म्हणजे टेबलावर हात मारायचा: ओळ सुरू होताना एक थाप, नवव्या मात्रेला दुसरी. दुसरी थाप नव्या शब्दाच्या सुरुवातीला पडली की ओळ बसली.

पहिली जोडी पानांचे कोपरे दुमडणाऱ्यांसाठी. आमच्या बालकथांच्या कपाटात असं एक पुस्तक नाही ज्याचा कोपरा कुणी मुडपलेला नाही. दुमडलेला कोपरा कानासारखा दिसतो, आणि कान तर आमचे सर लोक पिळतच आले आहेत. तेवढं सुचल्यावर पुढचं आपोआप आलं:

नको पिळू रे माझा कान,
दोरा सांगे कुठले पान.

मोजून पाहतो. न एक, को दोन, पि एक, ळू दोन, रे दोन, झाले आठ. मा दोन, झा दोन, का दोन, न एक, झाले सात. एक कमी. दुसरी ओळ: दोरा सांगे, चारही दीर्घ, आठ. कु एक, ठ एक, ले दोन, पा दोन, न एक, पुन्हा सात. टोकाची ती एक मात्रा ओळीनंतरच्या श्वासात भरून निघते. अट एकच, दोन्ही ओळींत ती सारखीच कमी पडली पाहिजे. एका ओळीत सोळा आणि दुसरीत पंधरा झाल्या की पुन्हा लंगडणं आलं.

दुसरी जोडी जाड पुस्तकांच्या कप्प्यासाठी. पहिला प्रयत्न असा होता:

जाड पुस्तका का तू भ्यावे,
रोज एक पानाने जावे.

मात्रा चोख सोळा. पण थाप मारून बघितली तर दुसऱ्या ओळीत आठ मात्रा ‘पानाने’च्या ‘पा’वर संपतात. म्हणजे वाचताना होतं ‘रोज एक पा– नाने जावे’. पुतणी शेजारी बसून चकली खात होती, ती हसतच सुटली, “नाने कोण?” बेरीज बरोबर असून ओळ मोडते ती अशी. शब्दाच्या मधोमध विसावा, म्हणजे यती, आला की अर्थाचे दोन तुकडे होतात.

रात्री बदलून हे केलं:

जाडीचा का वाटे जाच?
मोजुन नुसती पाने पाच.

थाप ‘वाटे’वर आणि ‘पाने’वर. पुतणीला दाखवलं. या वेळी ती हसली नाही, चकली संपली होती.

३ नोव्हेंबर, सोमवार

शाळा सुरू. सातवीला सांगितलं, तुम्हीही दोन ओळी करून आणा. अट अशी की ‘वाचा’, ‘वाचावे’, ‘वाचले पाहिजे’ असा हुकूम नको, आणि घरात किंवा ग्रंथालयात प्रत्यक्ष घडलेलं काहीतरी हवं. पहिल्या अटीने निम्मा वर्ग हवालदिल झाला. एकाने विचारलं, “मग वाचनावर लिहायचं तरी काय, सर?”

दुपारपर्यंत आलेल्यांपैकी एक जोडी अशी होती:

रोज जरासे मोठ्याने वाचा,
स्पष्ट होईल आपली वाचा.

हुकूम आहेच, मात्राही बसत नाहीत, तरी मला ती आवडली, कारण तिच्यात एक सुंदर घोटाळा आहे. कागदावर ‘वाचा’ आणि ‘वाचा’ तंतोतंत सारखे. पण मोठ्याने म्हणा. पहिल्या ‘वाचा’तला च आपण दातांशी उच्चारतो, ‘चमचा’तल्या शेवटच्या च सारखा. दुसरा ‘वाचा’ म्हणजे वाणी, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, त्यातला च टाळूचा, ‘चार’मधला. डोळ्याला जुळतं, कानाला नाही. वर्गात दोन्ही म्हणून घेतले तेव्हा मुलांना फरक लगेच ऐकू आला. लिहिताना दोघांना एकच अक्षर आहे, त्यामुळे याआधी कुणी लक्षच दिलं नव्हतं. मग मी माझी ‘जाच–पाच’ जोडी घाईने म्हणून बघितली. दोन्ही दातांचे. हुश्श.

सगळ्यात चांगली जोडी शेवटच्या बाकावरच्या मुलीने दिली. तिने लिहिलं होतं, ‘आजी म्हणते चष्मा नाही, तूच वाच मी ऐकते’. यमक नाही, पण हे घडलेलं आहे. तिची आजी चष्मा उशाखाली ठेवते आणि सापडत नाही म्हणते, कारण नातीकडून ऐकायचं असतं. आम्ही दोघांनी मिळून दुसरी ओळ फिरवली:

आजी म्हणते, “चष्मा नाही,
वाच तूच, मी ऐकत राही.”

‘राही’ जरा जुन्या वळणाचं आहे. ती म्हणाली, “आजी असंच बोलते, सर.” तिची आजी असं बोलत असेल यावर माझा विश्वास नाही, पण वाद घातला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मराठीच्या बाईंनी लाल पेन घेतलं. दोन ठिकाणी खूण.

पहिली खूण देवघेवीच्या टेबलाजवळ लावायच्या ओळींवर:

सात दिवस मी तुझ्या उशाशी,
मग जाऊ दे दुसऱ्यापाशी.

“तुझ्या’मध्ये तु नंतर जोडाक्षर आहे, म्हणजे तु ला दोन मात्रा. ओळ सतरा होते,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “बाई, म्हणून बघा.” जोडाक्षरामुळे मागचं अक्षर जड होतं ते त्याच्यावर आघात येतो म्हणून. ‘पुस्तक’ म्हणताना जीभ ‘पुस्’वर टेकते, तिथे पु ला दोन मात्रा रास्तच. ‘तुझ्या’ म्हणताना ती कुठे टेकत नाही, ‘झ्या’ सगळाच्या सगळा पुढे सरकतो. ‘दुसऱ्या’तल्या ‘ऱ्या’चंही तसंच. बाईंनी दोन-तीनदा ओठातल्या ओठात म्हटलं आणि खूण खोडली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या खुणेत मात्र मी हरलो. ‘मोजुन नुसती पाने पाच’. शब्द आहे ‘मोजून’. अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा उकार दीर्घ, हा नियम मीच मुलांना सांगतो. पण ‘मोजून’ लिहिलं की पहिल्या भागात नऊ मात्रा होतात. मी बचाव केला: मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांतच म्हटलं आहे की वृत्तासाठी कवीला ह्रस्व-दीर्घाचं तेवढ्यापुरतं स्वातंत्र्य असावं. बाई शांतपणे म्हणाल्या, “कवीला आहे. शाळेच्या भिंतीला नाही. पाचवीतली पोरं हे बघून वहीत ‘मोजुन’ लिहिणार, आणि मी तिथे लाल पेन चालवणार. मग ती म्हणणार, ग्रंथालयात असंच आहे.”

याला उत्तर नव्हतं. तासाभराने ‘मोजुनी’ सुचलं. शेवटचं अक्षर दीर्घ असल्यामुळे तिथे जु ह्रस्वच लिहायचा, नियमही राहिला आणि मात्राही. वर ‘नुसती’ जाऊन ‘रोज’ आलं, जे खरं तर पहिल्यापासून हवं होतं:

जाडीचा का वाटे जाच?
रोज मोजुनी पाने पाच.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळची शाळा. सगळ्या जोड्या टेबलावर मांडून मुलांना बघायला ठेवल्या. सहावीतला एक मुलगा, गणितात पुढे असलेला, बराच वेळ दोन कागद आलटून पालटून बघत होता. मग म्हणाला, “सर, एकात लिहिलंय सात दिवस. एकात लिहिलंय रोज पाच पानं. पाच साती पस्तीस. पस्तीस पानांत जाड पुस्तक कसं संपणार?”

मी गप्प. यमक, मात्रा, यती, उच्चार, शुद्धलेखन सगळं तपासलं होतं, आणि दोन कपाटं एकमेकांविरुद्ध बोलत होती. त्याने हातातलं पुस्तक उलटून शेवटचं पान दाखवलं. दोनशे दहा. रोज पाचने बेचाळीस दिवस.

माझी पहिली धाव ओळ बदलण्याकडे होती. ‘रोज मोजुनी पाने तीस’? मग ‘जाच’ला पर्याय शोधा, आणि तीस पानं रोज कोण वाचणार! नंतर रजिस्टर काढून पाहिलं. जाड पुस्तकं नेली जातात, आठवड्याने परत येतात आणि तोच मुलगा ते पुन्हा नेताना जवळपास दिसत नाही. ओळीत खोट नव्हती. नियम खोटा होता. पातळ गोष्टीच्या पुस्तकाला आणि कादंबरीला एकच मुदत मी वर्षानुवर्षं लावत आलो, कारण रजिस्टरमध्ये एकच रकाना आहे.

मोठ्या बाईंना विचारलं. जाड कप्प्यातल्या पुस्तकांना एकवीस दिवस, आणि कुणी मागणी केलेली नसेल तर त्याच मुलाला आणखी एकदा एकवीस. एकूण बेचाळीस. त्या पोराच्या हिशेबाला दिवसाचाही फरक नाही. तारीख-पत्रिकेवर लाल शाईने ‘२१’ लिहायचं ठरलं. सात दिवसांची जोडी आता देवघेवीच्या टेबलावरून काढून बालकथांच्या कपाटाच्या बाजूला लावणार, म्हणजे ती तेवढ्याच पुस्तकांपुरती बोलेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चित्रकलेच्या सरांबरोबर रंगकाम. कार्डशीट २२ × २८ इंचांची, ती आडवी अर्धी कापली. सरांना मोर काढायचा होता. नको म्हटलं, ते थोडे रुसले.

अक्षराचा आकार ठरवायला एक शीट व्हरांड्याच्या कठड्याला टेकवून पाचवीतल्या मुलांना मागे मागे चालवलं. एक इंचाचं अक्षर ग्रंथालयाच्या दारातून अडखळत वाचलं जात होतं, दीड इंचाचं सहज. दीड पक्कं केलं. मग पहिली शीट लिहून झाली ती रहस्यकथांची:

शेवट फोडू नका कुणाला,
चोर कोण ते कळेल त्याला.

आणि ती वाया गेली. सरांनी दोन ओळींत इंचभरच जागा सोडली होती. ‘फोडू’चा ऊकार खाली लोंबला आणि ‘कोण’ची मात्रा वर चढली, दोघांची गाठ पडली. लांबून ते ‘फोडू’ वाचायचं की खालच्या ओळीचा भाग, कळेना. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर एक मजला आहे आणि पायाखाली एक तळघर. अक्षर दीड इंच असेल तर वेलांट्या, मात्रा, उकार धरून ओळीला जवळपास दुप्पट उंची लागते. दोन ओळींच्या मधली जागा दीड इंच केल्यावर सगळं सुटं दिसायला लागलं. दोनच ओळी असल्याचा फायदा इथेही झाला. चार असत्या तर त्या आकारात शीटवर मावल्याच नसत्या.

रंग: पिवळ्या शीटवर काळा. लाल अक्षरं सरांना हवी होती, पण आमच्या खोलीत दुपारनंतर उजेड कमी होतो आणि लाल काळवंडतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लावालावी. भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही, डिस्टेंपरची भुकटी पट्टीला चिकटून शीट खाली येते. म्हणून सगळं लोखंडी कपाटांच्या दारांवर, दुहेरी चिकटपट्टीने. उंचीसाठी पाचवीतल्या एका मुलाला कपाटासमोर उभं करून त्याच्या डोळ्यांच्या रेषेत खडूने खूण केली. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर लावलं असतं तर ते फक्त मी आणि मोठ्या बाईंनी वाचलं असतं.

शब्दकोशांच्या कप्प्यासाठी केलेली जोडी, ‘शब्द अडे? ये कोशापाशी, / अर्थांच्या मग मोजू राशी’, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली. ती आणि ‘उशाशी–दुसऱ्यापाशी’ शेजारी लागल्या होत्या. यमक एकच असल्यामुळे मुलं चारही ओळी एका दमात एकच कविता म्हणून वाचत होती, आणि मग शब्दकोशच सात दिवस घरी नेता येतो असा अर्थ निघत होता. कोश घरी देत नाहीत.

शिपाईमामांनी पानांच्या कपाटाला सुतळीचं एक रीळ बांधून दिलं, कात्रीसकट. ‘दोरा सांगे’ म्हणायचं आणि दोरा द्यायचा नाही, हे बरं दिसलं नसतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्घाटन. भाषणं. मुलं गर्दीत होती, कुणी काय वाचलं ते कळायला मार्ग नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सुतळी संपली. मुली त्या दोऱ्याच्या वेण्या घालून हातात बांधत आहेत, खुणेसाठी निम्मासुद्धा गेला नसेल. नवं रीळ आणलं. कात्री काढून घेतली, आता मागितल्यावर मी कापून देतो, आणि देताना पुस्तक दाखव म्हणतो.

जाड कप्प्यातून आज तीन पुस्तकं गेली. एक त्या गणितवाल्यानेच नेलं. पत्रिकेवरची तारीख त्याने स्वतः मोजून लिहिली.

आजीच्या ओळी बऱ्याच जणांना पाठ झाल्या आहेत. मात्र मुलं ‘ऐकत राही’ म्हणत नाहीत, ‘ऐकत राहीन’ म्हणतात, आणि मग ‘नाही’ला ‘नाहीन’ करून यमक जुळवतात. ती मुलगी चिडली आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी रहस्यकथांचं कपाट उघडायला गेलो तर ‘चोर कोण ते कळेल त्याला’च्या खाली कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘माळी’. बाणसुद्धा काढला होता, खालच्या कप्प्यातल्या एका ठरावीक पुस्तकाकडे.

खोडरबर शोधला. मग म्हटलं आधी बघू तरी, आणि ते पुस्तक दुपारच्या तासात वाचून काढलं. माळी चोर नाही. माळ्यावर संशय येतो तो मध्यापर्यंत, त्यानंतर सगळं उलटतं. म्हणजे लिहिणाऱ्याने एक तर पुस्तक अर्ध्यात सोडलं, नाहीतर तो माझ्यापेक्षा बराच हुशार आहे.

रजिस्टरमध्ये ते पुस्तक गेल्या दोन महिन्यांत दोघांनी नेलेलं दिसतं. विचारलं कुणालाच नाही. पेन्सिल खोडली नाही. मधल्या सुट्टीत आठवीतली दोन मुलं ‘माळीच आहे का खरंच’ असं भांडत आली. पुस्तकाची प्रत एकच, म्हणून एकाला आज दिली आणि दुसऱ्याचं नाव पुढच्या बुधवारसाठी लिहून ठेवलं.